गच्ची आपली, तार सर्वांची



फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर केली आणि तेव्हापासून आपल्या निवृत्त सभासदांच्या घरोघरी सोलरचा विषय निघू लागला आहे. 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठा संच बसवला तर 78 हजार रुपये अनुदान मिळते. ग्रॅच्युइटीचे पैसे हाती असतात, गच्ची रिकामी असते, आणि वीजबिल कायमचे सुटले तर कोणाला नको आहे? परंतु आता संघटनेकडे दोन प्रकारच्या तक्रारी येऊ लागल्या आहेत. पहिली तक्रार अशी की, "संच बसवला, मीटर बसले, पण ऐन दुपारी कडक उन्हात इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो." दुसरी अशी की, "वीज कंपनी म्हणते तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर आता जागा नाही, शेजाऱ्याला मात्र मागच्याच वर्षी मंजुरी मिळाली." हा भ्रष्टाचार आहे, खासगी कंपन्यांचे कारस्थान आहे, लाइनमनने मुद्दाम केले, असे तर्क दोन्ही तक्रारींच्या पाठीमागे लावले जातात.

काही ठिकाणी तसे असेलही. पण या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते तारेत आहे. ते नीट समजून घेतल्याशिवाय आपण चुकीच्या माणसाशी भांडू आणि योग्य मागणी करायचीच राहून जाईल. म्हणून या अंकात थोडा हिशोब मांडणार आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे, इंजिनियर नव्हे. हा हिशोब ओहमच्या नियमापलीकडे जात नाही, आणि तो नियम आपण शाळेत शिकलो आहोत.

प्रथम वीज गल्लीत कशी येते ते पाहू. गल्लीच्या तोंडाशी जो ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला आपल्याकडे सरसकट डीपी म्हणतात, त्याच्यात एका बाजूने 11 हजार व्होल्टची वीज शिरते आणि दुसऱ्या बाजूने घरगुती दाबाची वीज निघते. घरगुती दाब आपण 230 व्होल्ट म्हणतो. पण आपल्या देशातील ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर बारकाईने पाहा. तेथे 400 नव्हे तर 433 व्होल्ट लिहिलेले आढळेल. तीन फेजमधला हा दाब एका फेजवर आणला की 250 व्होल्ट होतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर भार नसेल आणि वरून पुरते 11 हजार व्होल्ट येत असतील, तर घराकडे जाणारी वीज मुळातच 250 व्होल्टने निघते. हे चुकून झालेले नाही. गल्लीतून जाताना दाब उतरत जातो हे माहीत असल्यामुळे सुरुवातीलाच तो वर ठेवलेला आहे, म्हणजे शेवटच्या घराला संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, मिक्सर चालू असतानाही पुरेसा दाब मिळावा. ही सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे वीज नेहमी ट्रान्सफॉर्मरकडून घराकडेच जाईल. टपाल खात्यातील बंधूंना हे लगेच कळेल. पोस्टमनची बीट टपाल वाटण्याच्या हिशोबाने आखलेली असते. त्याच बीटवरील प्रत्येक घराने दुपारी बारा वाजता एकेक पार्सल त्याच्या हातात द्यायचे ठरवले, तर तीच पिशवी आणि तीच सायकल पुरणार नाही.

आता गच्चीवर पॅनेल आले. दुपारी घरची मंडळी कामावर, मुले शाळेत, घरात एखादा फ्रिज चालू. पॅनेलची वीज घरात खपत नाही, म्हणून ती तारेवर बाहेर पडते. वीज बाहेर ढकलायची तर घराच्या टोकाचा दाब खांबावरील दाबापेक्षा थोडा अधिक असावा लागतो, नाहीतर ती जाणारच नाही. वीज घराकडे येताना तारेच्या रोधामुळे दाब जितका उतरतो, तितकाच तो वीज घराकडून परत जाताना चढतो. सारे रहस्य एवढेच. ट्रान्सफॉर्मरचे 250 हे आता तळ झाले आणि टोकाचे घर शिखर झाले.

आपल्या रेल्वेत ही गोष्ट नवी नाही. डब्ल्यूएपी-7 किंवा डब्ल्यूएजी-9 सारखे थ्री-फेज इंजिन घाट उतरताना ब्रेक लावते तेव्हा मोटरी जनित्रासारख्या चालतात आणि वीज ओव्हरहेड तारेत परत जाते. जवळपास दुसरी गाडी चढावर असेल तर ती वीज तेथेच खपते. तसे कोणी नसेल आणि वीज वर ग्रिडलाही पुरेशी जात नसेल, तर तारेवरचा दाब चढू लागतो, आणि ठरलेली मर्यादा आली की इंजिनाची यंत्रणा वीज परत देणे आपोआप कमी करते. लोको पायलटला तेव्हा इतर ब्रेकवर भिस्त ठेवावी लागते. गच्चीवरच्या इन्व्हर्टरचे वागणे याच जातीचे आहे, फरक इतकाच की बहुतेक साधे इन्व्हर्टर हळूहळू कमी करत नाहीत, सरळ बंद पडतात.

मर्यादा कोणती? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांप्रमाणे दाब 110 टक्क्यांच्या वर गेला तर अशा संचाने दोन सेकंदांच्या आत तारेपासून अलग झाले पाहिजे. 230 चे 110 टक्के म्हणजे 253 व्होल्ट. दाब पुन्हा मर्यादेत येऊन किमान साठ सेकंद स्थिर राहिल्याशिवाय त्याने परत जोडायचे नाही. आता वरचा आकडा आठवा. भार नसताना ट्रान्सफॉर्मर 250 वर, आणि इन्व्हर्टरची हद्द 253. मध्ये जागा उरली तीन व्होल्टची! प्रत्यक्षात थोडा भार असतो आणि वरून 11 हजारही पुरते येत नाहीत, म्हणून जागा याहून अधिक मिळते. पण किती अधिक, यावरच सारे अवलंबून आहे.

बेंगळुरूतील एखाद्या जुन्या वसाहतीतली गल्ली कागदावर घेऊ. 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, तेथून 400 मीटर लांब ओव्हरहेड लाइन, तार रॅबिट जातीची. या तारेचा रोध किलोमीटरला साधारण अर्धा ओहम आणि थोडा जास्त. उन्हात तापल्यावर 400 मीटरला पाव ओहम धरायला हरकत नाही. न्यूट्रलची तारही तीच समजू. दुपारी ट्रान्सफॉर्मरवर 243 व्होल्ट आहेत. लाइनच्या शेवटच्या टोकाला बारा घरे आहेत, आणि ज्याच्या गच्चीवर पॅनेल आहे तो घरचा खर्च वजा जाता ऐन दुपारी 3 किलोवॅट बाहेर पाठवतो. 250 व्होल्टच्या आसपास 3 किलोवॅट म्हणजे 12 अँपिअर.

पहिल्या तीन घरांनी पॅनेल बसवले आणि योगायोगाने तिघे तीन वेगवेगळ्या फेजवर आहेत. प्रत्येक फेजवर 12 अँपिअर परत जातात, पाव ओहमने गुणले की 3 व्होल्ट. टोकाचा दाब 246 झाला. सर्वांचे छान चालले आहे. त्यांचे पाहून आणखी सहा घरे आली, तीही सारखी वाटली गेली. आता प्रत्येक फेजवर 36 अँपिअर, चढ 9 व्होल्ट, टोकाला 252. अजून कोणालाही काही जाणवलेले नाही, कारण 253 आलेले नाही. मग दहावा येतो. दहाव्याला तीन फेजमध्ये सारखे वाटता येत नाही, तो एका फेजवर एकटाच जास्त आहे. त्यामुळे त्याचे 12 अँपिअर फेजच्या तारेतून जातात आणि न्यूट्रलच्या तारेतून परत येतात, म्हणजे दोन्ही तारांचा रोध मोजावा लागतो. चढ 3 नव्हे, 6 व्होल्ट. त्या फेजवरचा दाब 258. इन्व्हर्टर तुटणार.

आणि एकटा दहावाच तुटेल असेही नाही. त्या फेजवरचे चौघे एकाच टोकाला आहेत, त्यांतील ज्याची यंत्रणा एखादा व्होल्ट जास्त वाचते तो आधी बंद पडेल. तो बंद पडला की दाब उतरतो, उरलेल्या तिघांचे चालू राहते. एका मिनिटाने तो परत जोडतो, दाब पुन्हा चढतो, पुन्हा कोणीतरी तुटतो. ऊन चढल्यापासून उतरेपर्यंत हा खेळ चालतो. दुपारचे दोन तास जरी 3 किलोवॅट बंद राहिले तरी रोजचे 6 युनिट गेले, महिन्याचे 180. ज्या नऊ जणांनी आधी पॅनेल बसवले त्यांतील काहींनाही आता फटका बसतो. तेव्हा "माझे दोन वर्षे उत्तम चालले होते, आताच बिघडले" असे कोणी म्हणाला तर त्याचा संच बिघडला आहे असे लगेच समजू नये. गल्ली भरली आहे.

या हिशोबातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वर आपण सोयीचे गृहीत धरले की घरे तीन फेजमध्ये सारखी वाटली गेली. प्रत्यक्षात लाइनमनने सर्व्हिस वायर जोडताना जो फेज हाताशी आला त्यावर जोडलेली असते, आणि वर्षानुवर्षे ती तशीच राहते. समजा, पॅनेल बसवणारी पहिली दोनच घरे एका फेजवर निघाली. पहिल्याचा चढ 6 व्होल्ट, दोघांचा मिळून 12. टोकाला 255. म्हणजे तीन फेजवर सारखी वाटलेली नऊ घरे खपतात, आणि एकाच फेजवर दोनही खपत नाहीत. गल्ली तीच, तार तीच, ट्रान्सफॉर्मर तोच. उलट हीच नऊ घरे ट्रान्सफॉर्मरपासून 50 मीटरवर असती, तर सारखी वाटल्यास चढ जेमतेम एक व्होल्ट झाला असता.

आता वीज कंपनीच्या नियमाकडे वळू. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने 2015 च्या नेट मीटरिंग नियमांत असे ठरवले की एका ट्रान्सफॉर्मरवर त्याच्या क्षमतेच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त सोलर जोडायचे नाही. 2019 च्या नियमांत हा आकडा 70 टक्के केला. इतर राज्यांतही असेच कोणते ना कोणते टक्के ठरवले गेले. असा नियम करण्यामागे तर्क आहे. प्रत्येक अर्जासाठी लाइन मोजायला माणसे नाहीत, आणि रिकाम्या जागा भरायच्या नाहीत हे धोरण आपल्याला काही नवे नाही. त्यामुळे कारकुनाला कागदावर भागाकार करून हो किंवा नाही म्हणता यावे अशी ही सोय आहे. शिवाय ट्रान्सफॉर्मर तापण्याचा विचार केला तर टक्केवारीला अर्थही आहे, कारण वीज उलटी गेली तरी ट्रान्सफॉर्मर तितकाच तापतो.

पण दाबाचा प्रश्न टक्केवारीने सुटत नाही. आपल्या कागदावरच्या गल्लीत 100 केव्हीएवर 70 टक्के म्हणजे 70 किलोवॅट. टोकाला एका फेजवरचे 6 किलोवॅटच अडचण करून ठेवतात. नियमाप्रमाणे अजून 64 किलोवॅट जागा शिल्लक आहे, आणि दुपारी इन्व्हर्टर मात्र तुटत आहेत. दुसऱ्या एखाद्या गल्लीत सर्व घरे ट्रान्सफॉर्मरला चिकटून आहेत, तार जाड आहे, तेथे 70 च्या पुढेही सहज खपेल, पण अर्ज नाकारला जातो. नियम एकाला खोटा दिलासा देतो आणि दुसऱ्याला विनाकारण अडवतो. माझे स्पष्ट मत असे की ट्रान्सफॉर्मरची टक्केवारी हे दाब मोजायचे टाळण्याचे साधन होऊन बसले आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्याप्रमाणे 10 किलोवॅटपर्यंतच्या संचाचा अर्ज तांत्रिक तपासणी न करताच मंजूर समजायचा, आणि 5 किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर मजबूत करावा लागला तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली यात शंका नाही. पण दिल्लीत निघालेले परिपत्रक तारेला वाचता येत नाही. पूर्वी "नाही" कचेरीतल्या टेबलावर मिळत असे, तेही पैसे खर्च करण्याच्या आधी. आता तपासणीच होणार नसेल, तर "नाही" गच्चीवर मिळेल, पैसे भरून झाल्यावर, इन्व्हर्टरच्या तोंडून. तेव्हा या दुरुस्तीचा दुसरा भाग, म्हणजे 5 किलोवॅटपर्यंत मजबुतीचा खर्च कंपनीने करायचा हा भाग, आपल्या सभासदांनी तोंडपाठ करून ठेवावा. अर्जातला पहिला भाग ठेकेदार तुम्हाला सांगेलच.

बेंगळुरूत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. 2023 मध्ये राज्य सरकारने गृहज्योती योजना आणली, तीत पात्र घरांना महिना 200 युनिटांपर्यंत वीज मोफत मिळू लागली. ज्या कामगाराचे घर शंभर-सव्वाशे युनिटांत भागते त्याचे बिल शून्य झाले, त्याला पॅनेलची ओढ राहिली नाही. ओढ राहिली ती मोठे बिल येणाऱ्यांना, म्हणजे स्वतंत्र गच्ची आणि मोठे घर असणाऱ्यांना. यात त्यांचा दोष नाही. पण गल्लीची तार ही सामायिक वस्तू आहे, तिच्यात दाबाची जी मोकळी जागा आहे ती मर्यादित आहे, आणि जो पहिला येईल तो ती पूर्ण वापरतो. योजनेची पात्रता उद्या बदलली आणि कामगार रांगेत उभा राहिला, तर त्याला कळेल की नऊ जागा भरलेल्या आहेत. जो भाड्याच्या घरात राहतो त्याला तर गच्चीच नाही, तरीही लाइन मजबूत करण्याचा खर्च शेवटी दरामार्फत त्याच्याही बिलात येतो. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही असे मी म्हणतो ते यासाठी. (गंमत अशी की बेंगळुरूच्या गच्च्यांवर सूर्याची उष्णता वापरणारे पाण्याचे बंब कित्येक वर्षे उभे आहेत आणि त्यांचे कोणाशी भांडण झाले नाही, कारण ते तारेला एक युनिटही देत नाहीत.)

तर उपाय काय? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फेजची वाटणी नीट करणे. कोणते घर कोणत्या फेजवर आहे हे पाहायचे आणि दोन-चार सर्व्हिस वायर एका फेजवरून दुसऱ्यावर घ्यायच्या. सामान लागत नाही, लागतो तो लाइनमनचा वेळ आणि सुरक्षित शटडाऊन. वर पाहिलेच आहे की नुसत्या वाटणीने दोनाची नऊ घरे होतात.

दुसरा उपाय ट्रान्सफॉर्मरच्या टॅपचा. ज्या ट्रान्सफॉर्मरला टॅप असतो, त्याची वीज बंद करून तो एक घर खाली आणता येतो. एक घर अडीच टक्क्यांचे असेल तर दाब साधारण 6 व्होल्टने उतरतो. आपल्या गल्लीत नऊ घरांवर दुपारी टोकाला 252 होते, ते 246 होतील. मग हे सगळीकडे का करत नाहीत? कारण तोच टॅप संध्याकाळीही असतो. समजा संध्याकाळी भार असताना ट्रान्सफॉर्मरवर 240 आणि टोकाला 229 व्होल्ट मिळतात. टॅप एक घर उतरवला की टोकाला 223. जुन्या 1956 च्या नियमांनी 6 टक्क्यांची जी सूट दिली होती, तिच्याप्रमाणे खालची हद्द 216 येते, म्हणजे अजून जागा आहे. पण आणखी एक घर उतरवले तर 217, आणि उन्हाळ्यात कोणी एसी लावला की टोकाच्या घरातला पंखा मंदावेल. दुपारच्या सोलरवाल्याचे भले करताना संध्याकाळच्या भाडेकरूचे वाईट होणार नाही हे पाहावे लागते, आणि त्यासाठी दोन्ही वेळी दाब मोजावा लागतो. हा निर्णय कचेरीत बसून घेता येत नाही.

तिसरा उपाय जाड तारेचा, किंवा लांब गल्लीच्या मध्यावर दुसरा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवण्याचा. हा खरा आणि कायमचा उपाय आहे, आणि खर्चाचाही. इन्व्हर्टरच्या मांडणीत बदल करून दाब थोडा खाली ओढण्याचीही सोय आधुनिक संचात असते, पण आपल्या गल्लीतल्या तारेत रोधाचा वाटा मोठा असल्याने तिचा गुण मर्यादित येतो.

यात एक गोष्ट मात्र कोणीही करू नये, आणि ती सर्रास केली जाते. इन्व्हर्टर तुटतो म्हणून तक्रार केली की बसवणारा माणूस येतो, यंत्राच्या मांडणीत 253 च्या जागी 265 घालतो आणि "आता बंद पडणार नाही" असे सांगून जातो. इन्व्हर्टर खरेच बंद पडत नाही. पण दाब तर चढलेलाच राहतो, आणि तो त्या फेजवरच्या प्रत्येक घरात जातो. ज्याच्या गच्चीवर काही नाही त्याचे एलईडी दिवे वारंवार जातात, फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर ताण येतो, आणि त्याला कारणही कळत नाही. शिवाय इन्व्हर्टरची दाबाची आणि फ्रीक्वेन्सीची हद्द केवळ वस्तू वाचवण्यासाठी नाही. लाइन बंद झाली की इन्व्हर्टरने ताबडतोब तुटले पाहिजे, कारण खांबावर आपल्यासारखाच एक कामगार चढलेला असतो. या मांडणीशी छेडछाड करणाऱ्याला त्याची आठवण करून द्यावी.

आता सभासदाने स्वतः काय पाहावे? ऐन दुपारी, शक्यतो रविवारी, जेव्हा आसपासची दुकाने-कारखाने बंद असतात आणि ऊन स्वच्छ असते, तेव्हा इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा दाब वाचावा. मग इन्व्हर्टर बंद करून माहीतगार वायरमनकडून मीटरजवळचा दाब मोजून घ्यावा. आपला संच बंद केल्यावर दाब सात-आठ व्होल्टने उतरला आणि शेजारी-पाजारी फारसे पॅनेल नसतील, तर दोष बहुधा आपल्याच वायरचा किंवा ढिल्या न्यूट्रलचा आहे. गच्चीवरच्या इन्व्हर्टरपासून खांबापर्यंत 30 मीटर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली असेल, तर 12 अँपिअरला तिच्यातच पाच व्होल्टच्या वर चढ होतो. सहा चौरस मिलिमीटरची टाकली तर तोच सव्वादोन व्होल्टवर येतो. ठेकेदाराने वाचवलेले पैसे ग्राहकाच्या युनिटांतून जातात ते असे. संच बंद करूनही दाब 250 च्या आसपासच राहिला, तर दोष गल्लीचा आहे. अशा वेळी तारीख, वेळ, संच चालू असतानाचा आणि बंद असतानाचा दाब असे आठवड्याचे आकडे एका कागदावर लिहून अर्जाला जोडावेत. "इन्व्हर्टर चालत नाही" एवढ्या तक्रारीवर कोणी येऊन संचावरची धूळ पुसून जाईल. आकड्यांवर फेज आणि टॅप पाहावे लागतील.

घरातला खपही दुपारकडे वळवता येतो. बेंगळुरूत घरोघरी जमिनीखाली संप असतो आणि मोटर लावून पाणी वरच्या टाकीत चढवतात. ती मोटर पहाटे लावण्याऐवजी बारा ते दोनच्या दरम्यान लावली, तर एक हॉर्सपॉवरला पाऊण किलोवॅट घरातच खपते. कपडे धुण्याचे यंत्र, विजेच्या स्कूटरचे चार्जिंग, हेही त्याच वेळी. टोकाच्या घराने वापरलेला प्रत्येक अँपिअर तारेवर चढत नाही.

राहिला प्रश्न वाटणीचा, आणि माझ्या मते संघटनेने भूमिका घ्यावी ती येथेच. बाहेरच्या देशांत हा पेच आपल्या आधी आला. अमेरिकेच्या हवाई बेटांवर 2013 मध्ये वीज कंपनीने भरलेल्या लाइनवर नवे संच तपासणीविना जोडण्यास मनाई केली आणि हजारो अर्ज अडकून पडले. 2015 मध्ये तेथे नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंगच बंद झाले, ज्यांना आधी मिळाले होते त्यांचे मात्र चालू राहिले. आधी आलेला तरला, उशिरा आलेला बुडाला. दक्षिण ऑस्ट्रेलियात दुसरा मार्ग धरला गेला. तेथे भरलेल्या भागात नवा ग्राहक नाकारला जात नाही. त्याने एक तर कायम दीड किलोवॅटपर्यंतच बाहेर पाठवायचे, किंवा लाइनवर जागा असेल तेव्हा दहा किलोवॅटपर्यंत आणि गर्दी असेल तेव्हा कमी, असे बदलते प्रमाण पत्करायचे. संच कितीही मोठा असला तरी घरात वापरण्यावर बंधन नाही, बंधन बाहेर पाठवण्यावर.

आपल्या कागदावरच्या गल्लीत हे करून पाहू. बाराही घरांना पॅनेल हवे आहे. आजच्या पद्धतीने पहिली नऊ 3 किलोवॅट पाठवतात आणि तिघांना नकार मिळतो, किंवा मंजुरी मिळून दुपारी तुटत राहावे लागते. त्याऐवजी ऐन दुपारी प्रत्येकाने 2 किलोवॅटच बाहेर पाठवायचे ठरले, म्हणजे 8 अँपिअर, आणि चार-चार घरे एका फेजवर घेतली, तर फेजवर 32 अँपिअर होतात, चढ 8 व्होल्ट, टोकाला 251. बाराही घरे चालतात, कोणाचाही इन्व्हर्टर तुटत नाही. गल्लीतून एकूण 27 ऐवजी 24 किलोवॅट बाहेर जातात, आणि तेही स्वच्छ उन्हाच्या तेवढ्या दोन-तीन तासांपुरते. सकाळी, संध्याकाळी, ढगाळ दिवशी बंधनाची गरजच पडत नाही. पहिल्या नऊ जणांना थोडे सोडावे लागेल आणि ते कुरकुरतील. त्यांना दाखवायला हा हिशोब आहे, आणि गल्लीच्या बैठकीत तो मांडण्यासाठी कोणत्या घराची वायर कोणत्या फेजवर आहे याची यादी आधी लाइनमनकडून करून घ्यावी लागेल.